कोलिस्टिन देताना या चुका टाळा: पहिला डोस, जोडीचे औषध आणि किडनीवरची नजर

कार्बापेनेमला दाद न देणारा ग्राम-निगेटिव्ह जंतू रक्तात सापडला आणि हाताशी फक्त कोलिस्टिन उरले, की बहुतेक चुका एकाच भीतीतून होतात: किडनी बिघडेल. ही भीती खरी आहे. पण तिच्यापायी पहिलाच डोस कापला जातो. मग औषध जंतूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि किडनीचा धोका मात्र तसाच राहतो.

एक रुग्ण समोर ठेवून बघू. वय ६५, स्त्री, वजन ६० किलो, आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर. रक्ताच्या कल्चरमध्ये कार्बापेनेम-रोधी असिनेटोबॅक्टर, कोलिस्टिनची एमआयसी १. क्रिएटिनिन १.५.

चूक पहिली: मिलिग्रॅम की युनिट, हे न पाहता ऑर्डर लिहिणे

वायलमध्ये असते ते कोलिस्टिमेथेट, म्हणजे कोलिस्टिनचे निष्क्रिय रूप. शरीरात गेल्यावर त्याचे कोलिस्टिन बनते. १ मिलियन युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे सुमारे ८० मिलिग्रॅम, पण 'कोलिस्टिन बेस' या हिशेबात सुमारे ३३ मिलिग्रॅम. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या लेबलांवर दिसतात. समजा, एका संदर्भात '३०० मिलिग्रॅम' बेसच्या हिशेबात दिले आहे, म्हणजे ९ मिलियन युनिट. नर्सने ते कोलिस्टिमेथेटचे मिलिग्रॅम समजून काढले, तर रुग्णाला जेमतेम पावणेचार मिलियन युनिट मिळतील. उलट दिशेने चूक झाली तर डोस दुपटीच्याही वर जातो. म्हणून ऑर्डर फक्त मिलियन युनिटमध्ये लिहा आणि 'मिलियन' हा शब्द पूर्ण लिहा.

वायल विरघळवताना जोरात हलवू नका, फेस येतो; हलकेच फिरवा. द्रावण आधीपासून करून ठेवू नका. पाण्यात कोलिस्टिमेथेटचे हळूहळू कोलिस्टिन होत राहते, आणि ते जास्त विषारी असते.

चूक दुसरी: क्रिएटिनिन वाढलेले पाहून लोडिंग डोस कमी करणे

ही चूक सर्वांत महागात पडते. लोडिंग डोस न देता थेट नेहमीचा डोस सुरू केला, तर कोलिस्टिनची रक्तातली पातळी कामाच्या टप्प्यावर यायला दोन-तीन दिवस लागतात, कारण निष्क्रिय रूपातून सक्रिय औषध सावकाश तयार होते. सेप्सिसमध्ये हे दिवस परत मिळत नाहीत.

पहिला डोस किती असावा हे औषध शरीरात किती जागेत पसरते यावर ठरते, किडनी ते किती वेगाने बाहेर टाकते यावर नाही. म्हणून आपल्या रुग्णालाही पूर्ण ९ मिलियन युनिट, अर्ध्या ते एका तासात शिरेतून. डायलिसिसवरच्या प्रौढ रुग्णालाही पहिला डोस एवढाच. किडनीचा हिशेब इथून पुढे सुरू होतो.

चूक तिसरी: पुढचा डोस अंदाजाने निम्मा करणे

कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्रिएटिनिन क्लिअरन्स काढा. (१४० − ६५) × ६० भागिले (७२ × १.५) म्हणजे सुमारे ४२. स्त्री असल्याने गुणिले ०.८५, म्हणजे साधारण ३५. क्लिअरन्स ३० ते ४० असेल तर दिवसाला ५.९ मिलियन युनिट लागतात. म्हणजे दर १२ तासांनी सुमारे ३ मिलियन. यातला पहिला डोस लोडिंगनंतर १२ तासांनी. क्लिअरन्स ९० च्या वर असलेल्या रुग्णाला हेच दिवसाला १०.९ मिलियन युनिट होते.

आता चौथा दिवस. क्रिएटिनिन १.५ वरून २.४, म्हणजे दीडपटीहून जास्त. केडिगोच्या व्याख्येत ही तीव्र किडनी इजाच. सूत्राने क्लिअरन्स येतो २२. राउंडला कोणीतरी म्हणते, 'निम्मा करा.' पण २० ते ३० च्या रांगेत दिवसाचा डोस आहे ५.३ मिलियन. फरक फक्त ०.६ चा. क्लिअरन्स शून्यावर आला तरी डोस ३.९५ असतो, म्हणजे आधीच्या दोन-तृतीयांश. कारण असे की किडनी मुख्यतः निष्क्रिय कोलिस्टिमेथेट बाहेर टाकते. किडनी मंदावली की त्याचा जास्त हिस्सा शरीरातच राहून कोलिस्टिन बनतो. खुद्द कोलिस्टिन बरेचसे किडनीशिवाय इतर मार्गांनीच नाहीसे होते. म्हणून डोस कमी करायचा तो थोडाच.

एक सावधगिरी: क्रिएटिनिन रोज चढत असताना हे सूत्र किडनीचे काम प्रत्यक्षापेक्षा चांगले दाखवते. आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळून स्नायू झिजलेल्या रुग्णात क्रिएटिनिनचा '०.६' हा आकडाही फसवा असू शकतो. म्हणून आकड्याबरोबर लघवीचे तासागणिक माप बघा.

चूक चौथी: जोडीला मेरोपेनेम लावून निश्चिंत होणे

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयडा चाचणीत ४०६ रुग्णांमध्ये एकटे कोलिस्टिन आणि कोलिस्टिन-मेरोपेनेम यांची तुलना झाली. बहुतेकांना असिनेटोबॅक्टरचा संसर्ग होता. उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण ७९ आणि ७३ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. जंतू ज्याला मुळातच दाद देत नाही, असे औषध केवळ आधार म्हणून जोडू नका.

जोडी हवीच, पण जंतूवर काम करणारी. आपल्या रुग्णात सल्बॅक्टम-डुर्लोबॅक्टम मिळत असेल तर कोलिस्टिनची वेळच येऊ नये. नसेल तर जास्त मात्रेत अँपिसिलिन-सल्बॅक्टम हा पाया, दिवसाला सल्बॅक्टम ९ ग्रॅम (किडनीप्रमाणे बदलून), आणि कोलिस्टिन त्याच्या जोडीला. एनडीएम बनवणाऱ्या क्लेबसिएलात आधी सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम यांचा विचार करा. रक्तातल्या संसर्गासाठी पॉलिमिक्सिन बी उपलब्ध असेल तर ते जास्त सोयीचे. मूत्रमार्गाच्या संसर्गात मात्र कोलिस्टिनच, कारण ते लघवीत चांगले उतरते.

इथेच लॅबला एक प्रश्न विचारा: एमआयसी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने काढली आहे ना? डिस्क आणि ई-टेस्टवर कोलिस्टिनचा निकाल भरवशाचा नसतो. प्रोटिअस, प्रॉव्हिडेन्सिया, मॉर्गनेला, सेरेशिया यांत तर कोलिस्टिन मुळातच चालत नाही.

चूक पाचवी: किडनी बिघडल्यावर फक्त कोलिस्टिनकडे पाहणे

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन वाढले, तेव्हा आधी औषधांचा तक्ता पूर्ण वाचा. अमिकासिन सुरू आहे का? व्हँकोमायसिन गरज संपूनही चालू राहिले आहे का? ताप-वेदनेसाठी डायक्लोफिनॅक दिले गेले का? कॉन्ट्रास्ट स्कॅन झाला का? फ्युरोसेमाइड देऊन रुग्ण कोरडा पडला आहे का? यातले एखादे थांबवणे हे कोलिस्टिन कापण्यापेक्षा अनेकदा जास्त उपयोगी पडते.

त्यानंतर प्रश्न विचारा: कोलिस्टिन अजून हवे आहे का? संसर्गाचे निदानच डळमळीत असेल किंवा दुसरे चालणारे औषध असेल, तर बंद करा. जीवावर बेतलेला, खोलवरचा संसर्ग असेल किंवा एमआयसी १ च्या वर असेल, तर क्रिएटिनिन वाढले म्हणून डोस लगेच खाली आणू नका.

क्रिएटिनिन रोज, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही वरचेवर. ओठांभोवती मुंग्या येणे किंवा व्हेंटिलेटर काढताना श्वासाचे स्नायू अशक्त वाटणे हेही कोलिस्टिनमुळे असू शकते. मायस्थेनियाचा रुग्ण असेल तर विशेष जपा. औषध बंद झाल्यावरही क्रिएटिनिन बघत राहा. इजा बहुतेक वेळा हळूहळू भरून येते, पण ते औषध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसत नाही.