लर्निंग लायसन्स काढताना: आधी वाहनाचा वर्ग, मग फॉर्म १, मग परीक्षा

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचं आणि तिच्या आईचं लर्निंग लायसन्स एकाच संध्याकाळी भरायला घेतलं. भाची एकोणीस वर्षांची, ताई बेचाळीसची. वेबसाइट एकच, sarathi.parivahan.gov.in, पण दोघींचे रस्ते अर्ध्यात वेगळे झाले.

वेबसाइटवर राज्य महाराष्ट्र निवडून लर्नर लायसन्सचा अर्ज उघडला की आधारवरून ओळख पटवायची की आधारशिवाय पुढे जायचं, हे ठरवावं लागतं. आधार घेतलंत तर परीक्षा घरबसल्या देता येते. मात्र नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो आधारवरूनच येतात आणि अर्जात बदलता येत नाहीत. शिवाय परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यातला चेहरा आधारच्या फोटोशी जुळवला जातो. फोटो शाळेतल्या वयाचा असेल तर तिथेच गाडी अडते, म्हणून आधी आधार अपडेट करून घ्या. आधारशिवायच्या रस्त्याने गेलात तर कागदपत्रं अपलोड करून, फी भरून, परीक्षेचा स्लॉट बुक करायचा आणि त्या वेळेला मूळ कागद घेऊन आरटीओत जायचं.

पुढे वाहनाचा वर्ग. भाचीकडे स्कूटर आहे, म्हणून ती ‘विनागिअर मोटारसायकल’ निवडत होती. मी थांबवलं. विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही, आणि नंतर तो वर्ग जोडायचा म्हटलं तर पुन्हा लर्निंगपासून सुरुवात. गिअरच्या लायसन्सवर मात्र स्कूटरही चालते. फक्त एक लक्षात ठेवा: पक्क्या लायसन्सच्या चाचणीला त्याच वर्गाची गाडी न्यावी लागते. गिअरची मोटारसायकल शिकणारच नसाल तर विनागिअरच बरं. तिने शेवटी गिअरची मोटारसायकल आणि कार, म्हणजे MCWG आणि LMV, असे दोन वर्ग घेतले. नियमातली फी लर्निंगसाठी दर वर्गाला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहे.

आता फॉर्म १, म्हणजे आपल्या तब्येतीचं स्वतः दिलेलं घोषणापत्र. लोक सगळ्यात घाईत भरतात ते हेच. फिट येतात का, अचानक भोवळ येते का, हातापायाच्या हालचालीत दोष आहे का, रातांधळेपणा आहे का, अशा प्रश्नांची निरोगी माणसाची उत्तरं ‘नाही’ असतात. मग बोट आपोआप ‘नाही’वरच पडत जातं. पण मध्येच एक प्रश्न उलटा आहे: २५ मीटरवरून, चांगल्या उजेडात, गाडीची नंबरप्लेट तुम्हाला प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? इथे ‘होय’ हवं. भाचीनेही ‘नाही’ दाबलं होतं. सबमिट करण्याआधी पुन्हा वाचलं म्हणून सापडलं.

हा प्रश्न अंदाजाने भरू नका. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या रस्त्यावर एका उभ्या गाडीपासून मोठी ३३ पावलं मोजली, म्हणजे साधारण २५ मीटर, आणि एकेक डोळा हाताने झाकून नंबर वाचला. भाचीला उजव्या डोळ्याने स्वच्छ दिसला, डाव्याने शेवटचे दोन आकडे पुसट. आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, नवा चष्मा लावून पुन्हा ३३ पावलं मोजली, मगच ‘होय’ भरलं. चष्मा लावून वाचता आलं तरी नियमाला चालतं. रंगांधळेपणाबाबत २०२० साली नियम सैल झाला आहे: सौम्य आणि मध्यम स्वरूपाचा असेल तर लायसन्स मिळू शकतं, तेव्हा लपवण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. फिट किंवा भोवळ येत असेल तर ती लपवूच नका. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स रद्द होऊ शकतं, आणि चालत्या गाडीवर शुद्ध हरपली तर रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्याही जिवाशी खेळ होतो.

ताईला एवढ्यावर भागलं नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना, आणि व्यावसायिक वाहनासाठी अर्ज करणाऱ्या कुणालाही, फॉर्म १-अ लागतो. तो नोंदणीकृत डॉक्टरने तपासणी करून द्यायचा असतो. डॉक्टर तो ऑनलाइन भरतात की कागदावर देतात, हे फोन करून आधीच विचारा, फेरी वाचते.

परीक्षेत वाहतुकीचे नियम आणि चिन्हं यांवर प्रश्न येतात, आणि पास व्हायला ६० टक्के बरोबर लागतात. भाची चुकली ती ‘प्रवेश बंद’ आणि ‘थांबण्यास मनाई’ या दोन चिन्हांत. दोन्हींत लाल रंग असल्यामुळे ती घाईत सारखी वाटतात, म्हणून चिन्हांचा तक्ता शेजारी ठेवून एकदा नीट पाहा.

लर्निंग ६ महिने चालतं. पक्क्या लायसन्सच्या चाचणीसाठी ते मिळाल्यापासून ३० दिवस जावे लागतात, म्हणून आम्ही कॅलेंडरवर एकतिसाव्या दिवशी गोल केला आहे.