हुशार विद्यार्थी कोणत्या चुकीच्या पर्यायाकडे गेले: विश्लेषणाला बसण्यापूर्वीची तयारी

परीक्षा झाली, ओएमआर उत्तरपत्रिका स्कॅन झाल्या, गुण लागले. आता बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय तपासायचे आहेत, आणि त्यातही एकच गोष्ट शोधायची आहे: वरच्या गटातले विद्यार्थी एखाद्या ठरावीक चुकीच्या पर्यायाकडे का वळले? कच्चे विद्यार्थी चुकीच्या पर्यायांवर विखुरतात, त्यात नवल नाही. तयारीचे विद्यार्थी एकाच चुकीच्या पर्यायावर गोळा झाले, तर बहुतेक वेळा प्रश्नातच काहीतरी बिघडलेलं असतं. ते निकालाआधी सापडायला हवं.

प्रश्नपत्रिका, उत्तरतालिका आणि विद्यार्थ्यांची यादी तुमच्याकडे असणारच. त्यावर वेळ घालवत नाही.

प्रत्येकाने कोणता पर्याय निवडला, ते सांगणारी मूळ फाइल मागून घ्या. अनेकदा हाती येते ती तपासलेली फाइल. तिच्यात बरोबरला १ आणि चुकीला ० एवढंच असतं. त्या शून्यात तिन्ही चुकीचे पर्याय आणि कोरी उत्तरं एकत्र मिसळलेली असतात. तिच्यावरून प्रश्न किती सोपा होता ते कळेल, कोणी कुठे चुकलं ते कळणार नाही. स्कॅनिंग करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण गुणपत्रक तयार झालं की ही मूळ फाइल बरेचदा पुसली जाते.

आता या तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट: संचांचा जुळणी तक्ता. प्रश्नपत्रिकेचे अ, ब, क, ड असे संच असतील, तर प्रत्येक संचातला कितवा प्रश्न मूळ संचातला कितवा आहे आणि प्रत्येक पर्याय मूळ संचातला कितवा आहे, हे सांगणारा तक्ता तुमच्या हातात पाहिजे. प्रश्नांचा क्रम जुळवणं सगळ्यांना आठवतं. पर्यायांचा क्रम जुळवणं राहून जातं. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं आणि पूर्ण विश्लेषण निरुपयोगी ठरलं, म्हणून पुन्हा सांगते: प्रश्नांचा क्रम पुरेसा नाही, पर्यायांचाही क्रम हवा.

हे राहून गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, ही खरी अडचण आहे. प्रत्येक संच त्याच्या स्वतःच्या उत्तरतालिकेने तपासला जातो, त्यामुळे गुण अगदी बरोबर लागतात. प्रश्न किती जणांना जमला, तो आकडाही बरोबर येतो. बिघडतो फक्त चुकीच्या पर्यायांचा हिशेब, कारण अ संचातला पर्याय ३ आणि क संचातला पर्याय ३ ही वेगवेगळी वाक्यं असतात आणि तुम्ही ती एकाच रकान्यात मोजत असता.

एक नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. २०० विद्यार्थी, ४० प्रश्न, चार संच. प्रश्न असा: ‘पाणी तापवत गेल्यास त्याची घनता...’ आणि मूळ संचातले पर्याय: १) वाढते, २) कमी होते, ३) आधी वाढते, मग कमी होते, ४) तशीच राहते. उत्तरतालिकेत २. एकूण ९६ जणांनी २ निवडला, म्हणजे ४८ टक्के. मध्यम अवघड प्रश्न. एवढंच पाहिलं तर कुणी त्याच्याकडे वळूनही बघणार नाही.

गुणांच्या क्रमाने वरच्या २७ टक्के, म्हणजे ५४ जणांत मात्र पर्याय २ निवडणारे २४ आणि पर्याय ३ निवडणारे २७. उरलेल्या दोन पर्यायांवर मिळून तिघं. खालच्या ५४ जणांत पर्याय २ वर २६, पर्याय ३ वर फक्त ६, बाकीचे २२ जण पर्याय १ आणि ४ वर. म्हणजे उत्तरतालिकेतलं उत्तर खालच्या गटाने वरच्यापेक्षा किंचित जास्त निवडलं आणि हुशार विद्यार्थी पर्याय ३ वर जमा झाले. कारण उघड आहे. शून्य अंश सेल्सिअसपासून तापवायला घेतलं, तर पाण्याची घनता साधारण ४ अंशांपर्यंत वाढते आणि मग कमी होऊ लागते. प्रश्नात सुरुवातीचं तापमान दिलेलंच नाही. ज्यांना हा अपवाद माहीत होता, तेच अडकले.

आता हीच माहिती पर्याय न जुळवता मोजा. चारही संचांत पर्याय एकेक जागा सरकवलेले असतील आणि संच सारखे वाटलेले असतील, तर प्रत्येक क्रमांकावर साधारण ५० जण दिसतात. वरच्या गटातले ५४ जण चार क्रमांकांवर तेरा-चौदा असे पसरतात. ते २७ जण डोळ्यांसमोरून नाहीसे होतात. प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा तसाच छापला जातो.

म्हणून तक्ता. आणि तो छापील प्रश्नपत्रिकांवरून करा, संगणकातल्या फाइलवरून नव्हे. मुद्रितशोधनाच्या वेळी एखाद्या संचात कुणीतरी दोन पर्यायांची अदलाबदल केलेली असू शकते आणि ती मूळ फाइलमध्ये उतरलेली नसते. ‘सगळे पर्याय एकेक घर पुढे गेलेत’ असं सूत्र धरून चालू नका. ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय सहसा शेवटीच ठेवतात, म्हणजे त्या प्रश्नात फक्त पहिले तीन फिरतात. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमाने ठेवायचे असतात, म्हणून तिथे कधी काहीच फिरवलेलं नसतं. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक संच, पर्यायाचं वाक्य वाचून क्रमांक लिहा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

तक्ता लावल्यावर दोन तपासण्या करा. ज्यांना त्या प्रश्नाला १ गुण मिळाला, ते सगळे एकाच मूळ पर्यायावर दिसले पाहिजेत. एकही जण दुसरीकडे सांडला, तर जुळणी चुकली आहे. पण एवढ्यावर थांबू नका. बरोबर पर्याय नीट जुळूनही दोन चुकीच्या पर्यायांची अदलाबदल राहू शकते, आणि तुम्हाला तर चुकीचेच पर्याय बघायचे आहेत. म्हणून प्रत्येक संचातलं पर्यायांचं प्रमाण वेगवेगळं काढून शेजारी ठेवा. तीन संचांत पर्याय ३ वर तीस टक्क्यांच्या आसपास आणि एका संचात दहा टक्के, असं दिसलं तर त्या संचाची छापील प्रत उघडा. एका मागोमाग एक प्रश्नांत चारही पर्यायांवर सारखीच पंचवीस-पंचवीस टक्के गर्दी दिसू लागली, तर तक्ता लागलेलाच नाही असं समजा.

पुढे, वरचा गट कसा ठरवणार? एकूण गुणांवर क्रम लावायचा, पण ज्या प्रश्नाचं विश्लेषण चाललं आहे त्याचा गुण वजा करून. या कामात ते फार महत्त्वाचं आहे. पर्याय ३ निवडणाऱ्या हुशार विद्यार्थ्याचा या प्रश्नात एक गुण गेलेला असतो. तो धरूनच क्रम लावला, तर सीमेवरचे असे विद्यार्थी वरच्या गटातून खाली घसरतात आणि जे शोधायचं तेच पुसट होतं. ४० प्रश्नांत फरक थोडा पडतो, १०–१५ प्रश्नांच्या चाचणीत चांगलाच पडतो. इथे उरलेल्या ३९ प्रश्नांचे गुण घ्यायचे.

गटासाठी वरचे आणि खालचे २७ टक्के घेण्याची पद्धत ट्रूमन केली या मानसशास्त्रज्ञाच्या १९३९ च्या कामापासून रूढ आहे. २०० चे २७ टक्के म्हणजे ५४. सीमेवर सारख्या गुणांचे बरेच जण असतील, तर सगळे आत घ्या किंवा सगळे बाहेर ठेवा. आडनावाच्या क्रमाने तोडू नका. वर्गात तीसच विद्यार्थी असतील, तर २७ टक्के म्हणजे आठ जण. आठातले तिघं एखाद्या पर्यायावर गेले, यावरून काहीच ठरत नाही. तिथे अर्धा-अर्धा वर्ग घ्या आणि आकड्याला पुरावा न मानता फक्त ‘हा प्रश्न वाचून बघू’ एवढाच अर्थ काढा.

सॉफ्टवेअर प्रत्येक पर्यायाचा एकूण गुणांशी सहसंबंध काढून देतं. तो घ्या, पण चुकीच्या पर्यायाबाबत जपून. तो त्या पर्यायावाल्यांची तुलना बाकी सगळ्यांशी करतो, आणि बाकी सगळ्यांत इतर चुकीच्या पर्यायांवरचे कच्चे विद्यार्थीही येतात. त्यामुळे अवघड प्रश्नात एखाद्या निर्दोष चुकीच्या पर्यायाचा सहसंबंधही धन दिसू शकतो. त्यापेक्षा प्रत्येक पर्याय निवडणाऱ्यांची, हा प्रश्न वगळून आलेल्या गुणांची सरासरी लिहा आणि ती बरोबर पर्यायाच्या सरासरीशी ताडा. वरच्या उदाहरणात पर्याय २ वाल्यांची सरासरी ३९ पैकी सुमारे २४ आणि पर्याय ३ वाल्यांची सुमारे २७ अशी आली, तर तो प्रश्न बाजूला काढायलाच हवा.

कोरी उत्तरं आणि दोन गोळे भरलेली उत्तरं यांना वेगळे रकाने द्या. चुकीला गुण कापले जात असतील, तर कोरी सोडणाऱ्यांत हुशारही असतात.

प्रत्येकाच्या नावापुढे तुकडी किंवा शिकवणारे शिक्षक यांचा रकानाही ठेवा. हुशार विद्यार्थी चुकीच्या पर्यायावर जाण्याची कारणं मोजकी असतात: उत्तरतालिका चुकली, प्रश्नात एखादी अट राहिली, दोन पर्याय बरोबर ठरतात, किंवा विद्यार्थ्यांच्या मनात खरोखरच चुकीची समजूत पक्की बसली आहे. पहिल्या तिन्हींत दोष प्रश्नाचा किंवा उत्तरतालिकेचा. चौथ्यात प्रश्न उत्तम असतो आणि तो काढणं चूक ठरेल. वर फेकलेल्या चेंडूचं सर्वोच्च बिंदूवरचं त्वरण शून्य असतं, असं बऱ्यापैकी गुण मिळवणारेही लिहितात. तिथे त्यांना गुण द्यायचे नाहीत, शिकवायचं आहे. सगळे एकाच तुकडीतले निघाले, तर तिथे काय शिकवलं गेलं ते विचारा. सगळ्या तुकड्यांतले असतील, तर प्रश्नाचे शब्द पुन्हा वाचा. आणि वरच्या गटातल्या चार-पाच जणांना बोलावून ‘हाच पर्याय का?’ एवढंच विचारा. बरोबर उत्तर आधी सांगू नका.

हे बोलणं होण्याआधी एकदा बघा: तक्ता लावलेला आहे ना? नाहीतर भलत्याच पर्यायाबद्दल प्रश्न विचारत बसाल.

बाकीचं थोडक्यात. निर्णय निकालाआधी, लेखी, विषयतज्ज्ञाच्या सहीने. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरायची की प्रश्न रद्द करायचा, जे ठरेल ते सर्व संचांत आणि सर्वांना सारखं. इथेही पर्याय क्रमांक प्रत्येक संचासाठी वेगळा लिहायचा. गुण बदलले की क्रम बदलतो, म्हणून विश्लेषण पुन्हा एकदा चालवा. सुधारलेला प्रश्न, ‘२० अंश सेल्सिअसचं पाणी तापवत गेल्यास...’ असा, प्रश्नपेढीत नव्या क्रमांकाने टाका. जुने आकडे त्याला लागू होत नाहीत.