श्रोता जिथे गोंधळतो, त्याच्या तीन वाक्यं मागे: श्राव्य संहिता दुरुस्त करण्याआधीची तयारी

शनिवारवाड्यावर फिरणाऱ्यांच्या कानात वाजणाऱ्या वीस मिनिटांच्या निवेदनाची संहिता इथे उदाहरणाला घेतली आहे. तालमीला बसवलेला श्रोता तीन-चार ठिकाणी हात वर करतो आणि म्हणतो, इथे कळलं नाही. त्यानंतर पेन उचलायच्या आधी काही गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली म्हणजे तालमीचं ध्वनिमुद्रण. फोनवर केलं तरी चालेल, पण श्रोत्याने हात वर केला ती वेळ मिनिट-सेकंदांसह समासात लिहिलेली असावी. दुसरी, संहितेची दुहेरी अंतर सोडून छापलेली प्रत. तिसरी म्हणजे श्रोत्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं उत्तर, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ‘समजलं का?’ असं विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. ‘आता काय झालं ते सांगा’ असं विचारा आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. दुरुस्तीची किल्ली त्या चुकलेल्या वाक्यात असते. श्रोत्याच्या हातात संहिता मात्र देऊ नका. कागद दिसला की कानाची अडचण डोळे भरून काढतात.

आता दुरुस्ती कुठे करायची ते ठरवा. श्रोता बोट ठेवतो ते गोंधळ लक्षात आला त्या जागेवर. धागा बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यं आधीच सुटलेला असतो. समजा, नारायण दरवाज्याच्या उल्लेखाशी श्रोता थांबला आणि म्हणाला, ‘म्हणजे राघोबांनी पुतण्याला मारलं आणि मग हा दरवाजा बांधला?’ दरवाज्याचं वाक्य तपासलं तर त्यात काहीच चूक नाही. मागे गेलं की हे सापडतं: ‘30 ऑगस्ट 1773 रोजी गारदी वाड्यात शिरल्यावर ते काकांच्या दालनाकडे धावले, पण त्यांनी त्यांना सोडलं नाही.’ मराठीत आदरार्थी एकवचन आणि अनेकवचन यांचं रूप एकच असतं. ‘ते’ म्हणजे नारायणराव की गारदी? ‘त्यांनी’ म्हणजे गारद्यांनी की काकांनी? वाचणारा डोळा मागे नेऊन पाहतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून पेशव्यांच्या गोष्टीत प्रत्येक ‘ते’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’ यांना गोल करा आणि जिथे दोन माणसं आसपास आहेत तिथे नाव पुन्हा घाला. कागदावर हे पुनरुक्तीसारखं दिसतं, कानाला मात्र ते हवंच असतं.

दुरुस्त उतारा असा होईल: ‘गारदी वाड्यात शिरले. नारायणराव आपल्या काकांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या दालनाकडे धावले. गारद्यांनी नारायणरावांना तिथेच गाठून ठार मारलं.’ एका वाक्याची तीन झाली, वेळ जेमतेम तीन-चार सेकंदांनी वाढला. रघुनाथराव आणि राघोबा ही एकाच माणसाची दोन नावं आहेत. पूर्ण संहितेत एकच ठेवा, दुसरं पहिल्या उल्लेखाला एकदाच सांगा. बाजीरावांचंही तसंच. 1730 मध्ये वाड्याचा पाया घालणारे पहिले आणि 1818 मध्ये पेशवाई गमावणारे दुसरे, यांच्यामध्ये निवेदनात तीन-चार मिनिटांचंच अंतर असेल तर ‘थोरले’ आणि ‘दुसरे’ ही विशेषणं दरवेळी हवीत.

आकडे निवेदकाच्या प्रतीत अक्षरांत लिहा. त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव हे गर्दीत कानाला सारखेच वाटतात. शिवाजी रस्त्यावरून बस गेली की नेमका शेवटचा भाग बुडतो. साल गोष्टीला आवश्यक नसेल तर काढा. असेल तर वाक्याच्या शेवटी ठेवा आणि त्यानंतर थांबायची खूण करा.

दिशाही तपासा. ‘उजवीकडे पाहा’ याला आधी तोंड कुठे आहे हे सांगावं लागतं. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे आहे, म्हणून ‘आत येऊन दिल्ली दरवाज्याकडे पाठ करून उभे राहा’ असं म्हटलं की उजवा हात पश्चिमेला येतो आणि पुढचं सगळं जुळतं.

एक शंका मात्र दुरुस्तीआधीच फेडून घ्या: चूक संहितेची की वाचनाची? तोच उतारा दुसऱ्या निवेदकाकडून, मजकुराला हात न लावता, वाचून घ्या. आता तो नव्या श्रोत्याला कळला तर मजकूर सोडा आणि पहिल्या निवेदकाच्या प्रतीत विराम खुणा करा.

दुरुस्तीनंतरच्या तालमीला पहिला श्रोता चालणार नाही, त्याला गोष्ट आता ठाऊक आहे. नवा माणूस बसवा, शक्यतो इतिहासाची आवड नसलेला. त्याला नुसता बदललेला उतारा ऐकवू नका. तीन मिनिटं आधीपासून सुरू करा, नाहीतर मागचा सुटलेला धागा तपासलाच जात नाही. तो कुठे हात वर करतो ते पहिल्या प्रतीच्याच समासात वेगळ्या रंगाने लिहा.