पावसाळ्यात कॉफीचा चोथा: थेट कुंडीत नको, आधी कंपोस्टमध्ये

फिल्टर किंवा मशीनची कॉफी घरात होत असेल तर रोज वाटीभर चोथा निघतो आणि बरेच जण तो तसाच कुंडीत ओततात, पण पावसाळ्यात हे टाळाच. चोथा एकदम बारीक असतो, त्याचा जाड थर बसला की वर पापुद्रा धरतो, मग पाणी खाली मुरत नाही आणि दमट हवेत त्यावर बुरशी येते. कुंडीला पाणी घातलं आणि ते वरच साचून राहिलं किंवा कडेने वाहून गेलं तर समजायचं की थर जाड झालाय, काट्याने फोडून काढून टाका.

दुसरं म्हणजे चोथ्यात थोडं कॅफीन उरलेलं असतं, त्यामुळे बी उगवायला आणि कोवळ्या रोपांच्या मुळांना त्रास होऊ शकतो. म्हणून रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये चोथा अजिबात नको. आणि हो, चोथ्याने माती आंबट होते हे सगळीकडे वाचायला मिळतं पण आम्ल बरंचसं कपात उतरलेलं असतं, चोथ्याचा सामू साधारण उदासीनच्या आसपास राहतो. त्यामुळे गुलाबासाठी वगैरे मुद्दाम सामू उतरवायला याचा उपयोग धरू नका.

खरा उपयोग कंपोस्टमध्ये. रंगाने तपकिरी असला तरी चोथा नत्रवाला, म्हणजे भाजीच्या देठासालींच्या गटातला माल आहे, पाचोळ्याच्या नाही. एकूण ढिगात तो पाचवा हिस्सा, यापेक्षा जास्त नको. म्हणजे १० लिटरच्या बादलीत २ लिटर चोथा, २ लिटर देठं-सालं आणि ६ लिटर सुका पाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा. सगळं नीट कालवा, चोथ्याचे गोळे राहू देऊ नका. मूठभर मिश्रण घट्ट पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर पाचोळा वाढवा आणि वर झाकण ठेवा, पाऊस आत जाता कामा नये. अमोनियासारखा उग्र वास आला तर नत्र जास्त झालंय, आंबट वास आला तर हवा कमी पडतेय, दोन्हीला इलाज तोच, पाचोळा घालून उलथापालथ. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, कंपोस्टमध्ये ती कुजवायचंच काम करते. कागदी फिल्टर सोबत टाकला तरी चालतो, प्लास्टिक कॅप्सूल नाही. दूध-साखरेत उकळलेल्या कॉफीचा चोथा असेल तर मुंग्या आल्याच समजा, तो धुऊन घ्या.

फ्रिजचा वास घालवायला ठेवायचा असेल तर चोथा आधी ताटात पातळ पसरून पूर्ण कोरडा करा, हाताला ओल लागता कामा नये, मग उघड्या वाटीत ठेवा. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो आणि ओला ठेवला तर फ्रिजमध्येच बुरशी धरेल. दोनेक आठवड्यांनी तोच चोथा कंपोस्टमध्ये टाका. वासाचं मूळ म्हणजे सांडलेलं-नासलेलं मात्र आधी पुसून काढा, नाहीतर चोथा फक्त वास झाकेल. सिंकमध्ये चोथा ओतू नका, पाईपच्या वळणात बसतो. घरात कुत्रं असेल तर बादलीचं झाकण घट्टच हवं, कॅफीन कुत्र्यांना विषारी असतं.