एचबीए१सी वाचताना या चुका टाळा

एचबीए१सी म्हणजे ‘तीन महिन्यांची सरासरी साखर’, हे बहुतेकांना पाठ असते. पण ही तपासणी साखर मोजतच नाही. ती हिमोग्लोबिन मोजते, आणि त्यातल्या किती हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटले आहे ते टक्क्यांत सांगते. बहुतेक चुका होतात त्या हा फरक विसरल्यामुळे.

ग्लुकोज तांबड्या पेशीत सहज शिरते आणि हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या टोकाला जाऊन चिकटते. त्यासाठी कोणतेही एन्झाइम लागत नाही. सुरुवातीची जोडणी सैल असते आणि सुटूही शकते, पण पुढे ती पक्की होते आणि मग पेशी मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे किती हिमोग्लोबिन असे ‘साखरलेले’ असेल हे दोन गोष्टींवर ठरते: रक्तात साखर किती होती, आणि पेशी त्या साखरेत किती दिवस वावरली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रिपोर्ट वाचताना आपण पहिल्या गोष्टीचा विचार करतो आणि दुसरी सगळ्यांची सारखीच असेल असे धरून चालतो.

चूक पहिली: तीनही महिन्यांना सारखे वजन देणे

रक्ताच्या नमुन्यात कालच जन्मलेल्या पेशी असतात आणि चार महिन्यांच्या म्हाताऱ्याही असतात. गेल्या आठवड्यातली साखर यातल्या जवळजवळ सगळ्यांनी पाहिलेली असते. साडेतीन महिन्यांपूर्वीची साखर मात्र फक्त उरल्यासुरल्या म्हाताऱ्या पेशींनीच पाहिलेली असते. म्हणून आकड्याचा जवळपास निम्मा भाग शेवटच्या एका महिन्यातून येतो, पाव भाग त्याआधीच्या महिन्यातून, आणि त्याहून मागचे दोन महिने मिळून उरलेला पाव.

समजा, एखाद्याची सरासरी साखर बरेच महिने २०० होती. त्याचे एचबीए१सी ८.६ च्या आसपास येईल. औषध बदलले आणि सरासरी एकदम १४० वर आली, तर आकडा शेवटी ६.५ वर स्थिरावेल, पण लगेच नाही. पंधरा दिवसांनी तपासले तर ८.१ दिसेल, महिन्याने ७.६ च्या आसपास, दोन महिन्यांनी ७. पंधराव्या दिवशीचा रिपोर्ट पाहून ‘नवे औषध लागू पडत नाही’ असे ठरवणारा माणूस प्रत्यक्षात जुन्या औषधाचाच हिशेब वाचत असतो. उलटही खरे आहे: तपासणीआधी महिनाभर कडक पथ्य पाळले की आकडा बराच खाली येतो आणि आधीची हयगय त्यात निम्म्याने झाकली जाते.

चूक दुसरी: रक्तक्षय असताना आकड्यावर विश्वास ठेवणे

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही चूक, कारण इथे रिपोर्टमध्ये काही बिघडलेले दिसत नाही. लॅबने नीट मोजलेले असते. बदललेले असते ते पेशींचे वय.

एक उदाहरण घेऊ. चाळिशीच्या एका बाईंना मासिक पाळीत बरेच महिने जास्त रक्तस्राव होतो आहे. हिमोग्लोबिन ८.८, पेशींचा आकार लहान, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अगदी तळाला, म्हणजे लोहाची कमतरता पक्की. त्याच रक्तात एचबीए१सी ६.६ निघाले. मधुमेहाची रेषा ६.५ ला आहे, त्यामुळे त्यांना मधुमेह झाल्याचे सांगितले गेले.

पण घरी ग्लुकोमीटरवर काही दिवस मोजलेले आकडे वेगळेच बोलत होते. उपाशीपोटी ९४ ते १००, जेवणानंतर दोन तासांनी फार तर १३८. आता ६.६ ला २८.७ ने गुणून ४६.७ वजा करा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आलेले हे सूत्र आहे, आणि रिपोर्टवर छापलेली ‘अंदाजे सरासरी साखर’ बहुधा यातूनच काढलेली असते, वेगळी मोजलेली नसते. उत्तर येते १४३. दिवसभराची सरासरी जेवणानंतरच्या सर्वात मोठ्या आकड्यापेक्षाही जास्त! जेवणानंतर तासाभराने साखर १३८ च्या थोडी वर जात असेल हे मान्य केले, तरी रात्रभर ती शंभरीच्या आसपास असताना हे गणित जुळत नाही.

लोह कमी पडले की अस्थिमज्जेतून नव्या पेशी कमी निघतात, रक्तात जुन्यांचे प्रमाण वाढते, आणि साखर तेवढीच असूनही एचबीए१सी चढते. याचे हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण आहे. प्रत्येकात ते किती चढेल ते सांगता येत नाही. म्हणून ‘रक्तक्षय आहे, तर अर्धा टक्का वजा करू’ असला हिशेब करू नये.

पुढची गंमत अशी, की उपचार सुरू झाल्यावर तोच आकडा उलट्या दिशेने फसवतो. लोह मिळाल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात कोवळ्या पेशींची लाट येते. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. या बाईंचे एचबीए१सी दीड महिन्याने ५.५ आले, आणि हिमोग्लोबिन व फेरिटिन भरून काही महिने उलटल्यावर ५.८. यातला शेवटचा आकडाच धरण्यासारखा. तो मधुमेहाचा नाही, पण ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात येतो. ५.५ पाहून निश्चिंत होणेही चुकलेच असते.

अशा वेळी निदान एचबीए१सीवर करायचेच नसते. नसेतून काढलेल्या रक्तातली साखर पाहायची: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त. लक्षणे नसतील तर निदान दुसऱ्या तपासणीने पक्के करून घ्यायचे.

खोटा दिलासा

माझ्या मते उगाच वाढलेल्या आकड्यापेक्षा उगाच कमी आलेला अधिक घातक, कारण त्याची कोणी फेरतपासणी करत नाही. पेशी लवकर फुटत असतील, नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल, डायलिसिसबरोबर तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर रक्तात कोवळ्या किंवा दुसऱ्याच्या पेशी जास्त असतात. घरी १८० ते २२० दिसत असताना रिपोर्टवर ६.२ आले, तर ग्लुकोमीटर खराब आहे असे धरण्याआधी रक्ताचे काय चालले आहे ते विचारा. जन्मजात वेगळे हिमोग्लोबिन असेल तर काही यंत्रांचे मोजमापच चुकते. सिकलसेलच्या पूर्ण आजारात तर नेहमीचे हिमोग्लोबिन जवळजवळ नसतेच, मग त्याची टक्केवारी कशाची काढणार?

७.१ चे ७.३ झाले म्हणून मात्र घाबरू नका. तेवढा फरक मोजणीतच पडू शकतो.

पेशींचे वय बिघडलेले असताना फ्रुक्टोसॅमिन मोजतात. त्यात रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर कळते. ती प्रथिने लवकर बदलत असल्याने हा आकडा फक्त दोन ते तीन आठवड्यांचा असतो. लघवीतून प्रथिने जात असतील किंवा यकृत बिघडून अल्ब्युमिन कमी झाले असेल, तर तोही खोटा कमी येतो. तेव्हा दंडावर चिकटवायचा सेन्सर दोन आठवडे लावणे किंवा ग्लुकोमीटरवर ठरावीक वेळांना मोजून वहीत लिहिणे हेच उरते.