गोपनीय प्रकल्पाबद्दल मुलाखतीत बोलण्यापूर्वीची तयारी

गेल्या वेळी क्लायंटचे नाव मी कटाक्षाने टाळले, पण "रोज किती नोंदी प्रोसेस व्हायच्या?" या दुसऱ्याच प्रश्नाला "ते गोपनीय आहे" असे म्हणालो आणि पुढच्या तीन प्रश्नांनाही तेच उत्तर दिले. समोरच्याने शेवटी "मग तुम्ही नेमके काय केले?" असे विचारले, तेव्हा माझ्यापाशी सांगण्यासारखे काहीच उरले नव्हते. काय लपवायचे याची यादी माझ्याकडे होती. लपवलेल्या गोष्टीच्या जागी काय सांगायचे, हे मात्र मी लिहून ठेवले नव्हते.

सर्वप्रथम आपण सही केलेले कागद वाचावेत. नेमणूकपत्रातील गोपनीयतेचे कलम बहुतेकांना आठवते, परंतु प्रकल्पावर रुजू होताना त्या विशिष्ट क्लायंटसाठी वेगळ्या करारावर सही केली होती, याचा विसर पडतो. बंधन नोकरी सोडल्यावर किती काळ टिकते आणि क्लायंटचे नाव हीच गोपनीय बाब आहे का, या दोन गोष्टी पाहाव्यात. नाव आपल्या कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर केले असले, तरी त्यामुळे प्रकल्पाचा बाकीचा तपशील खुला होत नाही. मुलाखतीसाठी आकडे गोळा करायचे म्हणून ऑफिसची कागदपत्रे खासगी मेलवर पाठवू नयेत. हे निराळे सांगावे लागू नये.

त्यानंतर एका कागदावर दोन रकाने आखावेत: डावीकडे न सांगण्याची गोष्ट, उजवीकडे तिच्या जागी सांगायचे वाक्य. उजवा रकाना रिकामा ठेवू नये. माझे उदाहरण घ्या. काम एका विमा कंपनीच्या रात्रीच्या बॅचचे होते; ती सकाळी कामकाज सुरू होईपर्यंत संपत नसे, कारण प्रत्येक नोंदीसाठी प्रोग्राम डेटाबेसकडे स्वतंत्र फेरी मारत होता. नोंदींची खरी संख्या सांगता येत नाही, पण मानीव आकडे सांगता येतात, आणि ते मानीव आहेत हे आधीच स्पष्ट करावे. समजा 10 लाख नोंदी आहेत आणि एका फेरीला 5 मिलिसेकंद लागतात. मग नुसत्या फेऱ्यांतच 5,000 सेकंद, म्हणजे सुमारे 83 मिनिटे जातात. एका फेरीत 1,000 नोंदी आणल्या, तर फेऱ्या 1,000 होतात आणि प्रत्येक फेरी दहापट सावकाश धरली तरी 50 सेकंदांत काम उरकते. एवढे गणित फळ्यावर मांडले की क्लायंट कोण, याला महत्त्व उरत नाही.

खरी पकड त्यापुढच्या प्रश्नात दिसते. एका फेरीतला नोंदींचा गट मध्येच अयशस्वी झाला तर काय, असे विचारतातच. प्रत्येक गटानंतर कमिट करून शेवटच्या यशस्वी नोंदीची किल्ली टिपून ठेवण्याचा निर्णय मी घेतला होता. एकच मोठा कमिट मी का नाकारला, हेही सांगता आले असते, कारण त्यात क्लायंटचे काहीच नाही. असे तीन-चार उपप्रश्न प्रत्येक ओळीपुढे लिहावेत. उजवा रकाना भरला का? नसेल तर पुढे वाचू नये.

गुणोत्तरांविषयी एक सावधगिरी बाळगावी. "वेळ एक चतुर्थांशावर आला" हे आपल्या कामाचे मोजमाप आहे आणि सहसा चालते; "नामंजूर दाव्यांचे प्रमाण इतके घटले" ही क्लायंटच्या व्यवसायाची माहिती आहे, टक्केवारीत सांगितली तरीही. सुरक्षेतील त्रुटी, टेबलांची व अंतर्गत प्रणालींची खरी नावे मुळीच सांगू नयेत. फळ्यावर चित्र काढताना हात सवयीने खरीच नावे लिहितो, म्हणून चौकटींना "आवक", "पडताळणी" अशी साधी नावे देऊन चित्र आधी एकदा काढून पाहावे.

निरुपद्रवी तपशील एकत्र आले की नाव उघड होते. व्यवसाय, देश, "सर्वांत मोठी" हे विशेषण आणि प्रणाली बदलल्याचे वर्ष एका वाक्यात आले, तर शोधायला पाच मिनिटे पुरतात. प्रकल्पाबाहेरच्या मित्राला आपले वर्णन द्यावे, नाव ओळखता येते का पाहावे, आणि आले तर देश व वर्ष गाळावे. मुलाखत घेणाऱ्याने स्वतःच नाव ओळखले तर हसू नये, मानही हलवू नये. "नावाबद्दल मी काहीच बोलू शकत नाही, पण बॅचची रचना सविस्तर सांगतो" हे वाक्य तोंडपाठ असावे. तेही उजव्याच रकान्यात लिहावे.

बाकी किरकोळ. "आम्ही"ऐवजी "मी". बायोडेटातून क्लायंटचे नाव व लोगो काढणे, ऑनलाइन प्रोफाइलमधूनही. एकदा मोठ्याने सराव. आणि निघण्यापूर्वी तो कागद काढून उजवा रकाना पुन्हा एकदा पाहावा.