रिन्यूअलच्या मेसेजमध्ये या चुका टाळा: पॉलिसी बंद पडली तर काय जातं आणि काय राहतं, तेवढंच सांगा

ऑगस्ट लागला की नाशिकमधल्या आम्हा आरोग्य विमा एजंटांच्या स्टेटसवर दोन प्रकारचे मजकूर दिसायला लागतात. एकात आयसीयूमधला पेशंट, सलाइनची बाटली आणि खाली लाल अक्षरांत ‘उद्या फार उशीर झालेला असेल!’ दुसऱ्यात फुलांची चौकट आणि ‘घाई करू नका, अजून ३० दिवस आहेत.’ पहिला वाचून माणूस आपलं स्टेटस म्यूट करतो. दुसरा वाचून तो खरंच घाई करत नाही, आणि मला विचाराल तर हा दुसरा जास्त नुकसान करतो.

दोन्हींत एकच गोष्ट राहून जाते. पॉलिसीची मुदत संपणं आणि ग्रेस पिरियड संपणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. ग्राहकाला हा फरक कळला की त्याला घाबरवायची गरज उरत नाही.

फरक एका उदाहरणातून पाहू. समजा, सिडकोत राहणारे एक काका आहेत. अंबडच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर कंपनीचा ग्रुप विमा संपला, म्हणून त्यांनी स्वतःची आणि काकूंची मिळून फॅमिली फ्लोटर पॉलिसी घेतली. पॉलिसी १० ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली. काकूंना आधीपासून बीपी आहे आणि तो त्यांनी प्रस्ताव-अर्जात लिहिला आहे. या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांचं वेटिंग आहे. विमा नियामकाने २०२४ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक ऑपरेशनांना २४ महिन्यांचं वेटिंग आहे. २०२५ चं रिन्यूअल वेळेवर झालं. आता पॉलिसी ९ ऑगस्ट २०२६ ला रात्री बारा वाजता संपते.

तारखा नीट पाहिल्या तर मोतीबिंदूचं २४ महिन्यांचं वेटिंग नेमकं त्याच रात्री पूर्ण होतं. काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय आणि डॉक्टरांनी ‘दिवाळीच्या आत करून टाका’ म्हटलंय. म्हणजे दोन वर्षं प्रीमियम भरून जे मिळवायचं होतं, ते या रिन्यूअलनंतर हातात येणार आहे.

काकांनी ९ ऑगस्टच्या आत पैसे भरले तर काही सांगण्यासारखं नाही, सगळं जसंच्या तसं पुढे चालतं.

आता समजा, राहून गेलं. १८ ऑगस्टला काकांना डेंगी झाला, चार दिवस ॲडमिट राहावं लागलं. घरी आल्यावर २५ ऑगस्टला त्यांनी प्रीमियम भरला. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांचा ग्रेस असतो आणि तो इथे ८ सप्टेंबरपर्यंत आहे, त्यामुळे पॉलिसी रिन्यू होते. मोतीबिंदूचे २४ महिने मोजून झालेले राहतात, बीपीचे झालेले महिने राहतात, बोनसही राहतो. डेंगीचं बिल मात्र काकांच्या खिशातून जातं. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीप्रमाणे प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. १० ते २४ ऑगस्ट या दिवसांचा प्रीमियमच नव्हता, म्हणून त्या दिवसांचं कव्हरही नव्हतं. काकू ऑक्टोबरमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात तेव्हा तो क्लेम पॉलिसीच्या नियमांप्रमाणे मिळतो.

तिसरी शक्यता अशी. काकांना जाग आली २० सप्टेंबरला. ग्रेस आठ तारखेलाच संपला. आता हे रिन्यूअल नाही, नवीन पॉलिसी आहे. नवा प्रस्ताव-अर्ज, कदाचित मेडिकल तपासण्या, आणि कंपनीला जास्त प्रीमियम लावायची किंवा नाही म्हणायची मोकळीक. कंपनीने स्वीकारलं आणि त्याच दिवशी पॉलिसी सुरू झाली असं धरलं, तरी पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा क्लेम नाही. मोतीबिंदूचं निदान आधीच झालंय, म्हणून नव्या पॉलिसीत तोही आधीचा आजार धरला जातो आणि त्याचं वेटिंग २४ ऐवजी ३६ महिन्यांचं, म्हणजे १९ सप्टेंबर २०२९ पर्यंत जातं. बीपीचं वेटिंग ९ ऑगस्ट २०२७ ला संपणार होतं, तेही १९ सप्टेंबर २०२९ वर जातं. जमलेला बोनस शून्य होतो. सलग ६० महिने झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, ‘तुम्ही माहिती लपवली’ या कारणाने कंपनी क्लेम अडवू शकत नाही. ते ६० महिनेही पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

एवढं समजलं की कॅप्शनमधली पहिली चूक दिसते: ‘रिन्यू केलं नाही तर आतापर्यंत भरलेले सगळे पैसे बुडतील.’ हे खरं नाही. आरोग्य विम्याचा हप्ता म्हणजे बचत नव्हे. मागच्या वर्षाच्या पैशात मागचं वर्षभर कव्हर मिळालंच. जातात ती वेटिंगची पूर्ण केलेली वर्षं. पैसे बुडण्याची धमकी दिली की हिशेबी माणूस लगेच म्हणतो, ‘क्लेमच केला नाही, म्हणजे पैसे तसेही गेलेच की!’ आणि इथे आपल्याकडे उत्तर नसतं.

दुसरी चूक ‘लॅप्स’ हा शब्द नुसता टाकून देण्याची. आपल्याकडे घरोघरी हा शब्द आयुर्विम्यामुळे माहीत आहे. तिथे बंद पडलेली पॉलिसी व्याज आणि तब्येतीचा दाखला देऊन पुढे काही वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते, आणि बऱ्याच जणांनी ते एकदा तरी केलेलं असतं. त्यामुळे ‘लॅप्स होईल’ वाचून ग्राहक मनात म्हणतो, होऊ दे, लेट फी भरू. आरोग्य पॉलिसीत ग्रेसनंतर असा हक्काचा रस्ता नाही. म्हणून ‘लॅप्स’ लिहायचं असेल तर पुढे अर्धं वाक्य जोडा: ‘लेट फी भरून चालू होत नाही, नवीन घ्यावी लागते.’

तिसरी चूक ग्रेसला जादा मुदतीचं कव्हर म्हणून विकण्याची. ग्राहकाचा फोन येतोच, ‘अहो भाऊ, तीस दिवस आहेत ना अजून?’ त्याला ‘हो’ म्हणून सोडून देऊ नका. ‘पैसे भरायला आहेत, दवाखान्यासाठी नाहीत’ हे एक वाक्य पुरतं. इथे एक अपवाद लक्षात ठेवा. ज्यांचा प्रीमियम दरमहा किंवा तिमाही हप्त्यांत जातो, त्यांचा वर्षाच्या मधला एखादा हप्ता चुकला, तर ग्रेसमध्ये कव्हर चालू राहतं. मासिक हप्त्याला हा ग्रेस १५ दिवसांचा आहे, बाकीच्यांना ३०. म्हणून वार्षिकवाल्यांचा मेसेज हप्तेवाल्यांना तसाच फॉरवर्ड करू नका. दोघांपैकी कुणीतरी चुकीचं समजून बसतं.

आता काकांना नेमकं काय लिहायचं? जुलैच्या मध्यावर मी असं पाठवेन:

‘नमस्कार काका. तुमची आरोग्य पॉलिसी ९ ऑगस्टच्या रात्री संपते. त्याआधी प्रीमियम भरलात तर सगळं आहे तसं सुरू राहील. राहिलंच, तर ८ सप्टेंबरपर्यंत भरता येतो. काकूंच्या बीपीची आणि मोतीबिंदूची मुदत वाया जाणार नाही, पण मधल्या दिवसांत ॲडमिट व्हावं लागलं तर तो खर्च मिळणार नाही. ८ सप्टेंबरनंतर मात्र नवीन पॉलिसी घ्यावी लागेल आणि मोतीबिंदूसाठी परत तीन वर्षं थांबावं लागेल. रक्कम कंपनीच्या नोटिशीत आहे. काही विचारायचं असेल तर फोन करा.’

यात एकही उद्गारचिन्ह नाही, आणि ते मुद्दाम आहे. हा मेसेज फक्त काकांच्या नंबरवर जायचा. काकूंचा बीपी, पॉलिसी नंबर, प्रीमियमची रक्कम यातलं काहीही स्टेटसवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं नाही. स्टेटससाठी एवढंच पुरे: ‘ऑगस्टमध्ये पॉलिसी संपत असेल तर शेवटची तारीख एकदा बघून ठेवा. प्रीमियम वार्षिक असेल तर त्यानंतरच्या ३० दिवसांत भरता येतो, पण भरेपर्यंतच्या दिवसांतल्या आजारपणाचा क्लेम मिळत नाही.’ कंपनीचं नाव किंवा लोगो घालणार असाल तर तो मजकूर जाहिरातीत मोडतो. आधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या.

मेसेज चांगला असूनही पैसे वेळेवर पोहोचत नाहीत, त्याची कारणं बहुतेक वेळा बँकेत सापडतात. ‘ऑटो डेबिट आहे, आपोआप जाईल’ असं म्हणणाऱ्या ग्राहकाकडे जास्त लक्ष ठेवा. मँडेट देताना कमाल रकमेची मर्यादा ठरलेली असते. वय पुढच्या गटात गेलं किंवा कंपनीने दर वाढवले की नवा प्रीमियम त्या मर्यादेच्या वर जातो आणि डेबिट होत नाही. बँकेचा एसएमएस पन्नास जाहिरातींत हरवतो. देय तारखेनंतर दोन दिवसांनी ‘पैसे गेले का?’ एवढं विचारण्यापेक्षा ‘नवीन रिन्यूअल पॉलिसीची पीडीएफ आली का?’ असं विचारा. पीडीएफ आली असेल तर त्यातली सुरुवातीची तारीख जुन्या पॉलिसीला लागून आहे का, तेही पाहायला सांगा. चेक देणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात चेक देऊ नका म्हणा. तो परत आला तर प्रीमियम आलाच नाही असं धरलं जातं. आणि आपल्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे मागवून ‘मी भरून टाकतो’ म्हणू नका. आपल्या खात्यात आलेले पैसे कंपनीला मिळालेले नसतात. आपण दोन दिवस गावाला गेलो, तर ते दोन दिवस ग्राहक उघडा.

प्रीमियम वाढलाय हे मेसेजमध्ये टाळणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. ग्राहक नोटीस उघडतो, आकडा बघतो आणि रागाने बाजूला ठेवतो. ग्रेस असाच संपतो. त्यापेक्षा वाढ आपणच सांगा, कारणासकट. परवडत नसेल तर विमा रक्कम कमी करता येते का, हप्ते करता येतात का, हे मुदत संपायच्या आधी कंपनीला विचारायला वेळ राहतो. दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांचं तर हे ठरलेलंच. पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी हात आखडलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरची देय तारीख असलेल्या अशा घराला मार्चमध्येच आठवण करून ‘एवढे बाजूला ठेवा’ म्हटलेलं जास्त कामी येतं.

आणि ८ सप्टेंबर उलटूनच गेला असेल, तर ‘काही होत नाही, लगेच नवीन काढून देतो’ असा मेसेज पाठवू नका. नव्या अर्जात काकूंचा बीपी, मोतीबिंदूचं निदान आणि ऑगस्टमधलं डेंगीचं ॲडमिशन हे सगळं लिहावं लागेल, हे आधी सांगा. मेडिकल टळावं म्हणून त्यातलं काही गाळलं, तर पुढचा क्लेम त्याच कारणावर अडेल, आणि डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांनी ‘बीपी ५ वर्षांपासून’ असं लिहून ठेवलेलं असतं.